नो एंट्रीच्या वेळेत बारा चाकी लकडगंजपर्यंत कशी आणायची? (नागपूर)

सिमेंटवाली_लकडगंज
नमस्कार मंडळी. गडचांदूरकडून सिमेंट येतं, बारा चाकीत ५०० बॅगा, म्हणजे २५ टन. गोडाऊन लकडगंजात. गाडी वरोरा, जाम, बुटीबोरीमार्गे वर्धा रोडनं येते आणि बहुतेक वेळा पहाटे नाहीतर सकाळी शहराच्या तोंडाशी पोचते, तेवढ्यात नो एंट्रीची वेळ सुरू होते. मग ट्रान्सपोर्टर दोन पर्याय देतो : रात्रीपर्यंत थांबा आणि हॉल्टिंग द्या, किंवा बाहेरच छोट्या गाड्यांत पलटी करा आणि दुहेरी हमाली द्या. दोन्हींत पैसा आमचाच जातो. नेमकं काय बघून ठरवायचं? आणि थांबायचंच असेल तर कुठे थांबायचं?

दहाचाकी
वहिनी, सोपं आहे. नो एंट्री ही भरलेल्या गाडीला असते. खाली गाडी कधीही काढा, कोणी विचारत नाही. आणि सहा चाकीला तर प्रश्नच नाही, दहा चाकीपासून पुढे अडवतात. तुम्ही सहा चाकीत मागवत जा.

बिल्टीबहाद्दर
दहाचाकी भाऊ, रस्त्यावर तुम्हाला कोणी सोडलं असेल, ते वेगळं. नियम चाकं मोजत नाही आणि त्या दिवशी गाडीत माल किती आहे तेही बघत नाही. मोटार वाहन कायद्यात 'जड मालवाहू' म्हणजे ज्याचं नोंदलेलं एकूण वजन १२,००० किलोच्या वर. हे वजन आरसीवर छापलेलं असतं : गाडीचं स्वतःचं आणि मंजूर मालाचं मिळून. त्यामुळे बारा चाकी रिकामी असली तरी जडच. ७,५०० किलोपर्यंतची गाडी हलकी आणि मधली सगळी मध्यम.

सहा चाकीचं म्हणाल तर एकाच नजरेत दोन सहा चाकी सारख्या दिसतात, पण एकीच्या आरसीवर ७,४९० असतं आणि दुसरीच्या १६,००० च्या वर. पहिली हलकी, दुसरी जड. गाडी बुक करताना 'सहा चाकी पाठवा' असं सांगू नका, आरसीचा फोटो मागवा आणि वजनाचा आकडा बघा. बोर्डावर 'जड वाहनांस प्रवेशबंदी' आहे की 'मध्यम व जड' आहे हेही वाचा. या एका शब्दावर ११ टनवाली गाडी आत की बाहेर ते ठरतं.

पासिंगचंही तेच. MH-31, MH-49, MH-40 असो की CG-04, नागपूरची गाडी म्हणून सूट नसते.

धंतोलीकर
मी तर म्हणतो ट्रॅव्हल्सवाल्यांचं आधी बघा. रोज संध्याकाळी रस्त्याच्या कडेला बस लावून प्रवासी भरतात, अर्धा रस्ता अडतो. ट्रकवर एवढी चर्चा आणि बसवर काहीच नाही?

बिल्टीबहाद्दर
बसचा आदेश वेगळा निघतो, धंतोलीकर. इथं मालाचं चाललंय. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथं मीही येतो.

सिमेंटवाली ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे, थोडं सविस्तर लिहितो. वेळ उदाहरणासाठी सकाळी ८ ते रात्री १० बंदी अशी धरतो. तुमच्या रस्त्याच्या बोर्डावर आणि चालू अधिसूचनेत जी असेल ती घाला, हिशेब तोच राहतो.

लोक विचार करतात 'गाडी किती वाजता आत शिरेल'. खरा प्रश्न आहे गाडी किती वाजता बाहेर पडेल. बंदी रस्त्यावरच्या गाडीला आहे, मग ती येत असो की जात असो. म्हणून उलटं मोजा. सकाळी ८ ला गाडी शहराच्या हद्दीबाहेर हवी. लकडगंजहून पारडीमार्गे बाहेर निघायला पहाटेच्या रहदारीत अर्धा तास. ५०० बॅगा उतरवायला सहा जणांची टोळी असेल आणि गाडी शटरला लागत असेल तर अडीच-तीन तास. गल्लीत वळवणं, आधीची गाडी हलेपर्यंत थांबणं, हमालांचा चहा यासाठी एक तास राखा. म्हणजे ८ मधून साडेचार तास वजा : पहाटे साडेतीन. ही तुमच्या गोडाऊनसमोर गाडी लागण्याची शेवटची वेळ. साडेतीननंतर जी गाडी गोडाऊनला लागेल ती सकाळी अडकेल, म्हणून ती आत आणूच नका.

तुमच्याकडे हीच चूक होत असणार. ड्रायव्हर चारला वर्धा रोडवर पोचतो, रस्ता मोकळा दिसतो, बंदी आठला लागणार म्हणून आत शिरतो. उतरवणं संपतं साडेसात-पावणेआठला आणि परतताना पारडीला चलन होतं. मग तो म्हणतो 'मी तर वेळेत शिरलो होतो.'

सिमेंटवाली_लकडगंज
अगदी हेच होतं! आणि चलनाचे पैसे बिल्टीत आमच्या नावे टाकतात. बरं, गाडी आत अडकलीच तर?

बिल्टीबहाद्दर
अडकली तर हलवू नका. गोडाऊनला आवार असेल तर आवारात उभी करा, रात्री १० नंतर काढा. आवार नसेल तर रस्त्यावर उभी राहील आणि नो पार्किंगचा वेगळा त्रास होईल. म्हणूनच साडेतीनची रेघ कडक पाळा.

दहाचाकी
बरं, चाकांचं मान्य. पण एक सांगतो, वर्धा रोडनं सरळ आत येण्यापेक्षा कापसीवरून या. ते सगळ्यांना माहीत आहे.

बिल्टीबहाद्दर
सगळ्यांना माहीत असेल, पण गुगल मॅपला नाही. तो गाडीचं वजन विचारत नाही, लहान रस्ता दाखवतो : जामठा, चिंचभवन, अजनी करत शहराच्या पोटातून. अंतर सतरा-अठरा किलोमीटर आणि सगळंच्या सगळं शहरातलं. नवा ड्रायव्हर तोच धरतो.

बरोबर रस्ता : जामठ्याला उजवीकडे बाहेरच्या रिंग रोडवर, म्हणजे ४४ च्या बायपासवर, मग उमरेड रोड ओलांडून भंडारा रोडवर कापसीला. हे पंचवीस-तीस किलोमीटर होतं. तिथून पारडीमार्गे लकडगंज सात-आठ किलोमीटर. एकूण अंतर जवळपास दुप्पट, बायपासवर टोल लागतो, डिझेल जास्त. पण शहराच्या आतला तुकडा निम्म्यापेक्षा कमी होतो, आणि वेळ त्याच तुकड्यात जातो. ड्रायव्हरला मॅपमध्ये सरळ लकडगंज टाकायला सांगू नका. आधी 'कापसी' हा थांबा टाका, पोचल्यावर पुढचा.

आता 'थांबायचं कुठे' याचं उत्तर. बहुतेक ड्रायव्हर जामठ्यालाच थांबतात, कारण तिथं ढाबे आहेत आणि मालकाचा फोन येईपर्यंत पुढे जायचं नसतं. पण बायपास शहराच्या बंदीच्या बाहेर आहे, तो दिवसा चालू असतो. मग थांबायचं ते कापसीला. रात्री १० वाजता जामठ्याची गाडी तीस-पस्तीस किलोमीटरवर असते, कापसीची सात-आठवर. थांबायचा वेळ तोच, फक्त जागा बदलली की पाऊण-एक तास हाती येतो. गोदामांच्या आवारात किंवा पंपाच्या जागेत लावा, बायपासच्या कडेला नाही. रात्री कडेला उभ्या ट्रकवर मागून येणारी गाडी आदळते, शिवाय धोकादायक जागी गाडी सोडल्याचं कलम १२२ आहेच.

मिहानवाला
समृद्धीवरून येणाऱ्या गाड्यांनाही हेच लागू ना? शिवमडक्याला उतरून?

बिल्टीबहाद्दर
हो. शिवमडक्याला उतरलात की माल हिंगणा, मिहान, बुटीबोरीचा असेल तर शहरात यायची गरजच नाही. इतवारी-कळमन्याचा असेल तर जामठ्याकडून तोच पूर्वेचा बायपास. अमरावती रोडनं येणाऱ्यांना मात्र वाडीला थांबून मग शहर ओलांडायचा मोह होतो. कळमन्याचा माल असेल तर तोही बाहेरूनच फिरवा.

करसल्लागार_म
ताई, तुमच्या हिशेबात एक गोष्ट राहिलीय, ती चलनापेक्षा महाग पडू शकते. ई-वे बिल.

दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. गडचांदूर ते नागपूर १९० च्या आसपास धरलं तर एकच दिवस. आता हा 'दिवस' म्हणजे बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशीची मध्यरात्र. सोमवारी सकाळी ११ ला बिल काढलं. फॅक्टरीच्या गेटवर रांग, भरणी होऊन गाडी रात्री ९ ला निघाली. मंगळवारी पहाटे ३ ला जामठा. बहाद्दरांच्या साडेतीनच्या रेघेत ती बसत नाही, म्हणून थांबली. मंगळवारी रात्री १० ला बंदी उठली, सव्वाअकराला गोडाऊनला लागली, उतरवणं सुरू झालं. बाराला बिल संपलं आणि साडेतीनशे बॅगा अजून गाडीत. त्याच वेळी तपासणी आली तर माल मुदत संपलेल्या बिलावर आहे.

उपाय सोपा आहे, फक्त आधी करायला हवा. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून संपल्यानंतर आठ तासांपर्यंत वाढवता येतं, म्हणजे मंगळवारी दुपारी ४ ते बुधवारी सकाळी ८. पोर्टलवर `Extend Validity`, कारण `Others` निवडा आणि शेऱ्यात शहरातल्या प्रवेशबंदीमुळे थांबावं लागलं असं साधं लिहा, गाडी उभी आहे ते ठिकाण आणि पिनकोड टाका. हे काम बिलावर ज्याचं नाव ट्रान्सपोर्टर म्हणून आहे त्यानं करायचं. तुम्ही माल घेणारे आहात, तुमच्या लॉगिनमधून होईलच असं धरू नका. म्हणून मंगळवारी दुपारी ४ ला त्याला फोन लावायचा, रात्री ११ ला नाही.

सिमेंटवाली_लकडगंज
बाप रे. हे कुणीच सांगितलं नव्हतं. मग फॅक्टरीला सांगून बिल उशिरा काढायला लावलं तर?

करसल्लागार_म
चांगला प्रश्न. बिल गाडी निघण्याआधी हवं, पण भरणीच्या आदल्या सकाळी काढून ठेवायची गरज नाही. वरच्याच उदाहरणात सोमवारी रात्री ९ ला काढलं तरी मुदत मंगळवार मध्यरात्रच राहते, कारण तारीख सोमवारच आहे. फायदा तेव्हा, जेव्हा बिल रात्री १२ नंतर निघतं : मंगळवारी ००:१५ ला काढलं की थेट बुधवार मध्यरात्र. पंधरा मिनिटांसाठी चोवीस तास मिळतात. पण फॅक्टरीचं डिस्पॅच तुमच्यासाठी गाडी थांबवेल का, ते तुम्हीच ओळखता.

दहाचाकी
आणि पलटीचं काय? बाहेर छोट्या गाड्यांत टाकला तर हे सगळं झंझट मिटते ना? सकाळी सकाळी माल घरी.

बिल्टीबहाद्दर
कधी मिटतं, कधी वाढतं. २५ टन माल ७,४९० वाल्या गाडीत भरायचा तर एका खेपेत चार-सव्वाचार टन. म्हणजे सहा खेपा. दोन गाड्या लावल्या तर प्रत्येकी तीन. कापसी ते लकडगंज दिवसाच्या रहदारीत भरणं-उतरवणं धरून एक खेप अडीच तास. सकाळी ८ ला सुरू केलं तर दुपारी साडेतीनला संपेल. बारा चाकी मोकळी व्हायला तेवढाच वेळ, फक्त हॉल्टिंग वाचलं.

खर्चात तीन गोष्टी वाढतात : छोट्या गाड्यांचं भाडं, एकाच बॅगेची दोनदा हमाली आणि फाटलेल्या बॅगा. सिमेंटची बॅग जितक्या वेळा हुकानं किंवा कोपऱ्यानं ओढली जाते तितकी फाटते, आणि पलटीत एका गाडीतून दुसरीत थेट फेकतात. हूक लावू द्यायचा नाही आणि दोन गाड्या पाठीला पाठ लावून मधे फळी टाकायची, एवढं पाळलं तरी फरक पडतो. पावसाळ्यात उघड्यावर पलटी करूच नका, ताडपत्री काढून ठेवलेल्या गाडीवर सर आली की खालचा थर गेला. सिमेंटला माझं मत : एका दिवसाचं हॉल्टिंग पलटीपेक्षा कमी येत असेल तर थांबा. घाईचा माल, म्हणजे साइटवर काम अडलंय आणि ८०-१०० बॅगाच आज हव्यात, तर तेवढ्याच छोट्या गाडीत काढा, उरलेल्या रात्री येऊ द्या.

नुसती छोटी गाडी लावली म्हणून सगळीकडे जाता येतं असंही नाही. गर्दीच्या ओळींत हलक्या मालगाडीलाही काही तास बंदी असू शकते. गल्लीच्या तोंडाचा बोर्ड आधी वाचा.

करसल्लागार_म
पलटी केली की ई-वे बिलावर गाडीचा नंबर बदलतो, हे विसरू नका. माल अनेक गाड्यांत जात असेल तर पोर्टलवर `Multi Vehicle` आहे, प्रत्येक गाडीत किती माल ते भरायचं.

एक सवलत आहे. ट्रान्सपोर्टरच्या व्यवसायाच्या जागेपासून माल घेणाऱ्याच्या जागेपर्यंत राज्यातल्या राज्यात ५० किलोमीटरपर्यंत गाडीचा तपशील अद्ययावत केला नाही तरी चालतं. कापसी-लकडगंज त्यात आरामात बसतं.

बिल्टीबहाद्दर
त्या सवलतीवर मी तरी विसंबणार नाही. 'व्यवसायाची जागा' म्हणजे ट्रान्सपोर्टरचं नोंदवलेलं गोडाऊन. ढाब्याच्या आवारात पलटी केली तर ती जागा कुणाची?

करसल्लागार_म
ढाबा नक्कीच नाही. ट्रान्सपोर्टरचं कापसीला गोदाम असेल आणि ते त्याच्या नोंदणीत अतिरिक्त जागा म्हणून दाखवलं असेल तर सवलत पक्की म्हणता येईल. नोंदणी नागपूरच्या दुसऱ्याच पत्त्यावर आणि कापसीला नुसतं भाड्याचं आवार, तर वाद होऊ शकतो. मी माझ्या लोकांना नंबर भरायलाच सांगतो. दहा मिनिटांचं काम आहे.

रेडीमिक्स_नागपूर
तुमचं सिमेंट रात्रीपर्यंत थांबू शकतं. आमचं काँक्रीट थांबत नाही. मिक्सरमध्ये भरल्यापासून दोन तासांत ओतायचं असं आयएस ४९२६ म्हणतं, रिटार्डर घालून थोडं ताणता येतं. धरमपेठेत स्लॅब आहे, ६० घनमीटर. आम्ही दिवसा यायचं नाही तर मग यायचं कधी? रात्री आलो तर शेजारी पोलिसांना फोन करतात.

बिल्टीबहाद्दर
रात्री शेजारी चूक नाहीत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत रात्र म्हणजे १० ते सकाळी ६, आणि निवासी भागात त्या वेळेत आवाज करणारी बांधकाम यंत्रं चालवायला मनाई आहे. काँक्रीट पंप त्यात येतोच. म्हणजे वाहतुकीचा आदेश म्हणतो रात्री या, आवाजाचा नियम म्हणतो रात्री नको. आपल्या उदाहरणातल्या वेळा घेतल्या तर दोन्ही पाळून उरतात सकाळचे ६ ते ८, फक्त दोन तास.

दोन तासांत ६० घनमीटर होत नाही. सहा घनमीटरचे दहा मिक्सर. प्लांटवर भरणं, प्रवास, पंपात ओतणं, परत जाणं, असा एक फेरा दोन तासांचा धरला आणि चार मिक्सर असतील तर अर्ध्या तासाला एक गाडी. दहा गाड्यांना पाच तास. म्हणून दिवसाची परवानगी काढल्याशिवाय इलाज नाही. वाहतूक पोलीस उपायुक्तांच्या नावे अर्ज : स्लॅबची तारीख, वेळेचा पट्टा, प्लांटपासून साइटपर्यंतचा मार्ग चौकांच्या नावांसह, प्रत्येक गाडीचा नंबर, आरसी, विमा, पीयूसी. साइटवर गाडी कुठे वळेल आणि रांगेतली दुसरी कुठे उभी राहील हे नकाशावर दाखवा. परवानगी देणारा पहिला प्रश्न हाच विचारतो. वेळ गर्दी सोडून मागा, सकाळी ११ ते दुपारी ४ असा पट्टा मिळणं सोपं, ९ ते २ अवघड.

पंप विसरू नका. बूम पंपही जड वाहनच आहे, तो आदल्या रात्री आणून साइटच्या आत उभा करायचा आणि दुसऱ्या रात्री काढायचा.

रेडीमिक्स_नागपूर
आमची खरी अडचण नंबरांची आहे. अर्जात दहा नंबर देतो, स्लॅबच्या दिवशी त्यातला एक ब्रेकडाऊन. बदली मिक्सरचा नंबर कागदावर नाही. अडवला तर आतलं काँक्रीट घट्ट होतं आणि स्लॅबवर मध्येच सांधा पडतो.

बिल्टीबहाद्दर
सुरुवातीलाच दोन-तीन जादा नंबर लिहून अर्ज करा. बारा-तेरा गाड्यांचे नंबर आणि 'एकावेळी जास्तीत जास्त चार गाड्या रस्त्यावर' अशी अट स्वतःहून लिहा. अधिकाऱ्याला रस्त्यावरच्या गाड्यांची काळजी असते, यादीच्या लांबीची नाही. पण ऐनवेळी यादीबाहेरचा नंबर आला तर चौकातल्या हवालदाराच्या हाती काहीच नसतं, त्याला दोष देऊ नका.

धंतोलीकर
म्हणजे पैसेवाल्या बिल्डरला दिवसा परवानगी आणि आम्ही रस्त्यात अडकून बसायचं? छान.

रेडीमिक्स_नागपूर
रात्री पंप लावला तर तुम्हीच फोन करणार, काका. एक ठरवा.

दहाचाकी
😀 बरं एक सांगा, चलन किती पडते आजकाल? कोणी पाचशे म्हणते, कोणी वीस हजार.

बिल्टीबहाद्दर
दोघंही बरोबर असू शकतात. ई-चलनावर कलम बघा. चिन्ह न पाळल्याचं कलम ११९ आणि १७७ लावलं असेल तर कायद्यातला आकडा पहिल्यांदा ५००, पुन्हा केलं तर १,५००. पण प्रवेशबंदीचा आदेश कलम ११५ खाली निघतो, आणि ११५ मोडल्याची शिक्षा १९४ मध्ये आहे, जिथं ओव्हरलोडची आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिथला मूळ आकडा २०,००० आहे, वर जादा टनाचे प्रत्येकी २,०००. आणि ते कलम चालवणाऱ्याबरोबर 'चालवू देणाऱ्याला'ही धरतं, म्हणून मालकानं 'ड्रायव्हरनं केलं' म्हणून सुटता येत नाही. वाद घालायचा असेल तर `mahatrafficechallan.gov.in` वर नंबर टाकून फोटो, ठिकाण आणि वेळ तपासा. फोटोतली वेळ बंदीच्या आधीची असेल तर तिथंच तक्रार नोंदवा.

सिमेंटवाली_लकडगंज
आणि वेळा बदलल्या की आम्हाला कळणार कसं? मागच्या वर्षी मारबतीच्या दिवशी गाडी पारडीलाच अडवली होती, बोर्डावर तसं काहीच नव्हतं.

बिल्टीबहाद्दर
बोर्डावर नसणारच. ११५ खालचा आदेश एक महिन्यापेक्षा जास्त काळ चालणार असेल तर राजपत्रात छापावा लागतो. महिन्याच्या आतला असेल तर नुसती स्थानिक प्रसिद्धी पुरते, म्हणजे वर्तमानपत्रातली बातमी आणि पोलिसांच्या समाजमाध्यमावरची पोस्ट. सणांचे, मिरवणुकांचे, अधिवेशनाचे बदल सगळे याच दुसऱ्या प्रकारात. नागपूरच्या कॅलेंडरवर ठरलेल्या तारखा आहेत : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत पिवळी आणि काळी मारबत, गणपती विसर्जन, दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिन, रामनवमीची शोभायात्रा, डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन. या दिवसांच्या आधीच्या दोन दिवसांत फॅक्टरीला भरणी लावायचीच नाही, कारण तेव्हा रात्रीची खिडकीही आखडते.

सिमेंटवाली_लकडगंज
म्हणजे ट्रान्सपोर्टरला असं सांगते : गाडी कापसीला थांबेल, जामठ्याला नाही, गोडाऊनला लागायची शेवटची वेळ साडेतीन, दुपारी ४ ला ई-वे बिल वाढवायचं. हॉल्टिंग किती दिवसांचं धरायचं यावर मात्र त्याच्याशी भांडण होणारच. तो म्हणतो पहाटे ३ ला पोचली म्हणजे तो दिवस पूर्ण.

दहाचाकी
त्याचंही बरोबर आहे वहिनी. गाडी रिकामी झाली नाही म्हणजे पुढचं भाडं गेलं.

बिल्टीबहाद्दर
बिल्टी करतानाच लिहून घ्या : 'शहरातील प्रवेशबंदीची वेळ हॉल्टिंगमध्ये धरणार नाही', किंवा धरणार असेल तर किती तासांनंतर. लिहिलं नसेल तर जो जोरात बोलेल त्याचं खरं. काही ट्रान्सपोर्टर पहिले बारा तास मोफत देतात, काही एकही नाही. तुमच्या महिन्याला किती गाड्या येतात?

सिमेंटवाली_लकडगंज
सहा-सात.

बिल्टीबहाद्दर
मग दर ठरवायला तुमच्या हातात आहे. पण आधी फॅक्टरीच्या गेटवर गाडी किती वाजता भरून निघते ते बघा. संध्याकाळी ६ च्या आत गेट सुटलं तर सहा तासांत जामठा, बायपासनं पाऊण-एक तासात कापसी, दीड-दोनच्या आत गोडाऊन. पाच-साडेपाचला बाहेर, हॉल्टिंगच नाही. रात्री ९ नंतर सुटणारी गाडीच तुम्हाला महाग पडतेय.

सिमेंटवाली_लकडगंज
डिस्पॅचवाल्यांना सकाळच्या टोकनसाठी विचारून बघते. दीड वाजता हमाल उठतील का, ते आता टोळीच्या मुकादमाला विचारावं लागेल.

दहाचाकी
रात्रीचा दर वेगळा सांगेल तो. आधीच ठरवून घ्या.